ईसॉप पूल ठरवताना आणि समजावताना या चुका टाळा

ईसॉप पूल म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क, म्हणजेच ऑप्शन, देण्यासाठी राखून ठेवलेला कंपनीचा हिस्सा. स्टार्टअपच्या आराखड्यात 'ईसॉप पूल १० टक्के' ही ओळ बहुतेक वेळा कोणताही हिशेब न करता लिहिलेली असते. गुंतवणूकदाराच्या टर्म शीटमधला, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्यातला, आकडा जसाच्या तसा स्वीकारणे ही यातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण हा पूल सहसा गुंतवणुकीपूर्वीच्या मूल्यांकनातच धरला जातो आणि त्याचा सगळा भार संस्थापकांच्या हिश्श्यावर पडतो. समजा, गुंतवणुकीपूर्वीचे मूल्य १६ कोटी रुपये ठरले आणि ४ कोटी रुपये येणार आहेत. एकूण २० कोटींत गुंतवणूकदाराचे २० टक्के आणि पूलचे १० टक्के वजा केले, तर संस्थापकांकडे ७० टक्के, म्हणजे १४ कोटी रुपयांचा हिस्सा राहतो.

म्हणून पुढील दीड वर्षाच्या भरतीची यादी करून पूल ठरवावा. तंत्रप्रमुखाला १.५ टक्के, विक्रीप्रमुखाला १ टक्का, चार अनुभवी अभियंत्यांना प्रत्येकी ०.५ टक्के आणि इतर सहा जणांना प्रत्येकी ०.१५ टक्के धरले, तर बेरीज ५.४ होते. जुन्या सहकाऱ्यांना पुन्हा ऑप्शन देण्यासाठी १.१ टक्के राखले, तरी ६.५ टक्क्यांत भागते आणि उरलेले ३.५ टक्के, म्हणजे ७० लाख रुपये, संस्थापकांकडेच राहतात. अशी यादी समोर ठेवली की वाटाघाटीला आधार मिळतो. मात्र ही टक्केवारी गुंतवणुकीनंतरच्या शेअरसंख्येवर मोजावी. आजच्या शेअरांवर काढलेला १० टक्क्यांचा पूल वरील व्यवहारानंतर ८ टक्केच भरतो.

नव्या सहकाऱ्याला नुसती टक्केवारी सांगणे ही दुसरी मोठी चूक. एकूण १० लाख शेअरांपैकी ५,००० ऑप्शन मिळणाऱ्याचा ०.५ टक्का हिस्सा, पुढील फेरीत नव्या गुंतवणूकदाराने २० टक्के घेतल्यास, ०.४ टक्के होईल, हे नेमणूकपत्र देतानाच सांगावे. ऑप्शन साधारणपणे चार वर्षांत हळूहळू व्हेस्ट होतात, म्हणजे वापरण्याजोगे होतात, आणि कंपनी कायद्याच्या नियमांनुसार पहिल्या वर्षात काहीही व्हेस्ट होऊ शकत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट करावे.

कराबद्दल मात्र बहुतेक संस्थापक गप्प बसतात, आणि तक्रारी नेमक्या तिथेच उद्भवतात. एक्सरसाइज किंमत, म्हणजे ऑप्शन वापरून शेअर घेण्याची ठरलेली किंमत, १० रुपये आणि शेअर घेण्याच्या दिवशीचे मर्चंट बँकरने ठरवलेले मूल्य २०० रुपये असेल, तर ५,००० शेअरांवरील ९.५ लाख रुपयांचा फरक पगारात धरला जातो. ३० टक्के दराने २.८५ लाख रुपये कर आणि त्यावर सेस, शिवाय शेअरांचे ५० हजार रुपये, हे सगळे एकही शेअर विकला गेलेला नसताना भरावे लागते. काही पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, पण ही सवलत नुसत्या स्टार्टअप मान्यतेवर मिळत नाही. त्यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि नोकरी सोडताच कर देय होतो. नोकरी सोडल्यानंतर एक्सरसाइजसाठी योजनेत ९० दिवसांचीच मुदत असेल, तर एवढी रक्कम तेवढ्यात उभी करावी लागेल, हे उमेदवाराला रुजू होण्यापूर्वी लेखी कळवावे.