वॉरंटीची तरतूद काढायला बसण्यापूर्वी

विकलेल्या मालाच्या पुढे येणाऱ्या फुकट दुरुस्त्यांसाठी आजच खर्चात धरून ठेवलेली रक्कम म्हणजे वॉरंटीची तरतूद. वर्षअखेरीला ती काढताना बरेच जण मागच्या वर्षीची फाइल उघडतात, तिथला टक्का नव्या विक्रीला लावतात आणि मोकळे होतात. गफलत बहुतेक वेळा त्या टक्क्यातच असते. म्हणून पुढची यादी आकडेमोडीच्या आधी काय काय हाताशी हवे याची आहे. उदाहरणाला वॉशिंग मशीन घेऊ, वॉरंटी दोन वर्षांची. रकमा कोणत्याही चलनातल्या समजा.

सुरुवात विक्रीच्या यादीपासून करा आणि तिच्यातून जादा पैसे घेऊन विकलेली वाढीव वॉरंटी बाहेर काढा. ती वेगळी विकलेली सेवा आहे. तिचे पैसे आगाऊ मिळालेले उत्पन्न म्हणून ताळेबंदात राहतात आणि मुदतीप्रमाणे हळूहळू उत्पन्नात येतात; तरतुदीशी त्यांचा संबंध नाही. मशीनच्या किमतीतच धरलेली, 'बिघडले तर दुरुस्त करून देऊ' एवढेच सांगणारी वॉरंटी तेवढी इथे मोजायची. उलट, मुदत संपल्यावरही महिनाभर फुकट दुरुस्ती करून देण्याची तुमची रीत असेल आणि ग्राहक ती गृहीत धरत असतील, तर कागदावर नसली तरी ती जबाबदारी मोजावी लागते.

आता क्लेमची यादी. सर्व्हिस विभागाकडून नुसता महिन्याचा एकूण आकडा घेऊ नका. प्रत्येक जॉबशीटवर मशीनचा सीरियल नंबर असतो; त्यावरून ते मशीन कोणत्या वर्षी विकले हे जोडून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे, चार-पाच दिवस खाते, पण पुढचे सगळे याच्यावर उभे आहे. याचे कारण आकड्यांतच दिसेल.

समजा पहिल्या वर्षी १०,००० मशीन विकली, दुसऱ्या वर्षी १५,००० आणि तिसऱ्या वर्षी २०,०००. सीरियल नंबर जोडल्यावर असे दिसले की विकल्याच्या वर्षातच शेकडा दीड क्लेम येतात, पुढच्या वर्षी शेकडा चार आणि त्याच्या पुढच्या वर्षी, मुदत संपेपर्यंत, अडीच. म्हणजे शंभर मशीनमागे एकूण आठ क्लेम. तिसऱ्या वर्षात प्रत्यक्ष किती क्लेम आले? पहिल्या वर्षीच्या मशीनचे २५०, दुसऱ्या वर्षीच्यांचे ६०० आणि चालू वर्षीच्यांचे ३००, एकूण १,१५०. घाईतला माणूस हे १,१५० चालू वर्षीच्या २०,००० विक्रीने भागतो आणि ५.७५ टक्के दर काढतो. वरच्या आकड्यातले ८५० क्लेम जुन्या, लहान विक्रीतून आलेले असतात आणि भागायला मात्र नवी, मोठी विक्री घेतलेली असते. धंदा वाढत असला की हा दर नेहमी कमीच दिसतो, आणि विक्री घसरू लागली की तोच जास्त दिसतो.

वर्षगटांनुसार पाहिले तर अजून यायचे क्लेम असे: दुसऱ्या वर्षीच्या १५,००० मशीनचे अडीच टक्के म्हणजे ३७५, आणि तिसऱ्या वर्षीच्या २०,००० मशीनचे उरलेले साडेसहा टक्के म्हणजे १,३००. एकूण १,६७५. चुकीच्या दराने चालू वर्षीच्या मशीनचे १,१५० क्लेम धरून आणि आतापर्यंत आलेले ३०० वजा करून ८५० निघाले असते, आणि दुसऱ्या वर्षीची मशीन तर हिशोबातून सुटलीच असती. इथे एक सावधगिरी: उदाहरणात मुदत पूर्ण झालेला एकच वर्षगट आहे. खऱ्या कामात असे तीन-चार तरी गट असावेत. शिवाय वॉरंटी ग्राहकाच्या बिलाच्या तारखेपासून सुरू होते आणि विक्री मात्र विक्रेत्याला माल पाठवल्यावर नोंदली जाते. माल गोदामात पडून राहिला तर शेवटचे क्लेम आणखी एक वर्ष पुढे सरकतात. उदाहरणात ते धरलेले नाहीत.

मग दुरुस्तीचा सरासरी खर्च. शंभर क्लेम घ्या: सत्तर किरकोळ, प्रत्येकी ६००, पंचवीस मध्यम, प्रत्येकी १,८००, आणि पाचांत मोटर किंवा अख्खे मशीनच बदलावे लागले, प्रत्येकी ६,६००. सरासरी येते १,२००. 'साधारण दुरुस्तीला किती लागतात?' असे सर्व्हिस मॅनेजरला विचारले तर तो ६०० सांगेल, आणि तो खोटे बोलत नसतो. पण मशीन हजारोंच्या संख्येत विकली असताना तरतुदींचे आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस ३७ प्रत्येक शक्यतेला तिच्या प्रमाणाचे वजन द्यायला सांगते. त्यामुळे ते महागडे पाच वगळता येत नाहीत. सुटे भाग छापील किमतीने न धरता तुम्हाला पडतात त्या किमतीने धरा. सर्व्हिस सेंटरची मजुरी आणि ने-आण त्यात मिळवा. सदोष भागाचे पैसे पुरवठादार परत देणार असेल तर ती रक्कम तरतुदीतून वजा करू नका. मिळणे जवळजवळ नक्की असेल तरच ती वेगळी मालमत्ता म्हणून दाखवता येते.

तरीही १,६७५ गुणिले १,२०० म्हणजे २०,१०,००० लिहून थांबू नका. नवीन मशीनच्या तक्रारी बहुधा जोडणीच्या, सैल पाइपच्या. बेअरिंग आणि मोटर पुढे बोलतात. खर्चही वयानुसार फोडला तर समजा विकल्याच्या वर्षी सरासरी ८००, पुढच्या वर्षी १,१००, शेवटच्या वर्षी १,६०० निघतात. तिन्हींची भारित सरासरी १,२००च आहे, पण उरलेल्यांत विकल्याच्या वर्षातला स्वस्त क्लेम एकही नाही. ८०० क्लेम १,१०० ने आणि ८७५ क्लेम १,६०० ने धरले की तरतूद २२,८०,००० होते. २,७०,००० चा फरक निव्वळ सरासरी एकत्र ठेवल्यामुळे पडला होता.

एखाद्या तुकडीत एकच भाग सारखा जात असेल तर ती तुकडी सरासरीत मिसळू देऊ नका. सीरियल नंबरांची रांग वेगळी काढून तिचा हिशोब स्वतंत्र करा. ताळेबंदाच्या तारखेनंतर आलेले क्लेमही बघा. विकलेल्या मालातला दोष त्यांतून उघड झाला तर तो याच वर्षाच्या अंदाजात येतो. सर्व्हिस सेंटरची बिले उशिरा येतात, त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांचे क्लेम जॉबशीटवरून मोजा, बिलांवरून नाही.

शेवटी मागच्या वर्षीचा अंदाज समोर ठेवा. समजा जुन्या मशीनच्या ८५० क्लेमना १०,६०,००० धरले होते. क्लेम ८५०च आले, खर्च मात्र ११,४०,००० झाला. संख्या बरोबर, म्हणजे फरक प्रत्येक दुरुस्तीच्या खर्चात आहे: भाग आणि मजुरी मिळून साडेसात टक्क्यांनी महागली. ते ८०,००० याच वर्षाच्या खर्चात जातील, मागचे ताळेबंद उघडायचे नाहीत. दरवाढीचे पत्र तेव्हाच टेबलावर पडलेले होते असे निघाले तर मात्र ती चूक ठरते आणि ऑडिटर वेगळे प्रश्न विचारतो. आणि ती महागाई नव्या दरांत अजून आलेली नसेल तर २२,८०,००० मध्ये आणखी सुमारे १,७२,००० घालावे लागतील.