किमान आवृत्ती लावताय? निदान या चुका तरी टाळा

कंपनीच्या मेलला जोडलेल्या फोनवर सिस्टीमची कमीत कमी कुठली आवृत्ती हवी, हे डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये ठरवता येतं. तो किमान आवृत्तीचा रकाना भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि पुढचा सगळा गोंधळ बहुतेक वेळा त्या दोन मिनिटांतच घातलेला असतो. नावं मी मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनमधली वापरतोय, कारण माझं रोजचं काम त्यावर चालतं. फोन सांभाळणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे दुसऱ्या एमडीएमवर पडदे वेगळे दिसतील, चुका याच असतात.

पहिला मान अँड्रॉइडच्या सिक्युरिटी पॅचला. अँड्रॉइडची आवृत्ती आणि पॅचची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या महिन्याचा पॅच असलेला अँड्रॉइड १३ हा वर्षभर पॅच न मिळालेल्या अँड्रॉइड १४ पेक्षा मला जास्त चालतो. म्हणून `Minimum security patch level` हा रकाना भरणं बरोबरच आहे. चुकते ती त्यातली तारीख.

गूगलच्या मासिक बुलेटिनमध्ये साधारणपणे दोन पातळ्या असतात: महिन्याची १ तारीख आणि ५ तारीख. १ तारखेच्या पातळीत अँड्रॉइडच्या मूळ भागातल्या दुरुस्त्या येतात. ५ तारखेच्या पातळीत त्या सगळ्या, शिवाय कर्नल आणि चिप बनवणाऱ्यांच्या भागातल्या. फोन कुठली तारीख दाखवेल हे उत्पादकावर असतं, आणि बाजारातले कितीतरी फोन १ तारीखच दाखवतात. एमडीएम मात्र सरळ तारखांची तुलना करतं. तुम्ही `2024-10-05` लिहिलंत की `2024-10-01` वाला फोन नापास.

एका कंपनीत नेमकं हेच निस्तरायला मला बोलावलं होतं. तिथल्या नव्या अ‍ॅडमिनने बुलेटिन वाचून त्याच महिन्याची ५ तारीख भरली, पॉलिसी सगळ्यांना लावली आणि नापास ठरवण्याआधीची मुदत ठेवली शून्य दिवस. सकाळपासून फिरतीवरच्या लोकांचे मेल बंद. बिचाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट शोधलं, तर फोन म्हणतो तुमची सिस्टीम अद्ययावत आहे. आणि ते खरंच होतं, त्या मॉडेलसाठी त्याच्या पुढचं काही आलेलंच नव्हतं. हेल्पडेस्कने आधी रीस्टार्ट करायला लावलं, मग नोंदणी काढून पुन्हा करायला लावली. नोंदणी काढली की वर्क प्रोफाइल पुसलं जातं. त्यात काढलेले, अजून वर न चढलेले साइटचे फोटो गेले. पुन्हा नोंदणी झाल्यावर फोन अर्थातच पुन्हा नापास, कारण तारीख तीच.

निदान करायला फार वेळ लागला नाही. अडकलेल्या एका फोनच्या कम्प्लायन्सच्या तपशिलात गेलो, तर बाकी सगळं हिरवं, फक्त पॅचची ओळ लाल. मग सगळ्या फोनची यादी काढून पॅचच्या रकान्यावर लावली. अडकलेल्यांपैकी बहुतेकांची तारीख `-01` ने संपत होती, उरलेले एक-दोन महिने मागे होते. पॉलिसीत `2024-07-01` लिहिलं आणि लोकांना कंपनी पोर्टल हे अ‍ॅप उघडून स्थिती तपासायला सांगितलं. हे तपासणं आवर्जून सांगा. फोन आपणहून साधारण ८ तासांनी सर्व्हरशी बोलतो, तोवर अडकलेला अडकलेलाच दिसतो आणि अधीर माणूस पुन्हा नोंदणी काढायला धावतो.

माझी सवय ठरलेली आहे: दिवस कायम ०१, आणि महिना तीन मागचा. अँड्रॉइड एंटरप्राइझ रेकमेंडेड फोनांकडूनही ९० दिवसांत पॅच मिळावा एवढीच अपेक्षा असते. दर महिन्याला पॅच न मिळणारे फोन लोकांच्या खिशात भरपूर आहेत. आकडा बदलण्याआधी यादी एक्सपोर्ट करून किती फोन पडतील ते मोजतो. बरेच पडत असतील तर एकतर तारीख चुकली आहे, किंवा नवे फोन घ्यायला हवेत. दुसरं असेल तर तो विषय खर्च मंजूर करणाऱ्यांपुढे जायला हवा, पॉलिसीच्या रकान्यात तो सुटत नाही.

आयफोनची चूक वेगळी, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त वाईट. १९ नोव्हेंबर २०२४ ला अ‍ॅपलने प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोन त्रुटी बुजवल्या: 18.1.1 मध्ये, आणि १७ वर राहिलेल्यांसाठी 17.7.2 मध्ये. आता कुणाला दुखवायला नको म्हणून किमान आवृत्ती `17.7.2` ठेवली, तर 18.0 आणि 18.1 वाले फोन मोठा आकडा म्हणून पास होतात. त्रुटी मात्र त्यांच्यातच शिल्लक आहे. एका किमान आकड्याने दोन शाखा सांभाळल्या जात नाहीत. १७ चालणारा प्रत्येक आयफोन १८ घेऊ शकत होता, त्यामुळे इथे सरळ `18.1.1` लावायला हवं होतं. आयफोन ८ आणि एक्स १६ च्या पुढे जात नाहीत. ते ठेवायचेच असतील तर त्यांना मॉडेलच्या फिल्टरने वेगळी पॉलिसी द्या आणि ती कधी बंद होणार तेही तेव्हाच लिहून ठेवा.

कम्प्लायन्स पॉलिसी फक्त शिक्का मारते, दार अडवतो तो कंडिशनल अ‍ॅक्सेस. तो नसेल तर लाल फोनवरही मेल मजेत येत राहतो.

मुदतीचा आळस करू नका. मी नापास ठरवायला १० दिवस ठेवतो. पहिल्या दिवशी एक मेल, सातव्या दिवशी दुसरा. मेलमध्ये कुठली आवृत्ती हवी आणि ती कुठे मिळेल ते लिहिलेलं असतं. "तुमचे उपकरण धोरणाशी सुसंगत नाही" या वाक्याने आजवर कुणी फोन अपडेट केलेला मी पाहिलेला नाही.

वैयक्तिक फोनवर अपडेट लादता येत नाही. कंपनीचा पूर्ण ताबा असलेल्या, म्हणजे सुपरवाइज्ड आयफोनला आयओएस १७ पासून ठरलेली आवृत्ती आणि शेवटची वेळ देता येते, वेळ झाली की तो स्वतःच अपडेट होतो. माणसाच्या स्वतःच्या फोनवर तुमच्या हातात फक्त कामाचा डेटा असतो. तिथे मी फक्त कामाच्या अ‍ॅपना लागणाऱ्या अ‍ॅप प्रोटेक्शनच्या कंडिशनल लाँचमध्ये, म्हणजे अ‍ॅप उघडताना होणाऱ्या तपासणीत, किमान आवृत्तीच्या दोन ओळी ठेवतो: हवी ती आवृत्ती `Warn` ला, त्याखालची `Block access` ला. `Wipe data` आवृत्तीसाठी वापरू नका. अपडेट उशिरा केलं ही डेटा पुसण्याइतकी मोठी चूक नाही.

सुपरवाइज्ड फोनवर आणखी एक भानगड असते. कुणीतरी कधीकाळी अपडेट लांबवणारी पॉलिसी लावलेली असते, आणि ती ९० दिवसांपर्यंत नवी आवृत्ती दिसूच देत नाही. इकडे तुम्ही तीच आवृत्ती मागताय. आधी ती मुदत कमी करा, मग किमान आकडा वाढवा.

आणि कमाल आवृत्तीचा रकाना रिकामा सोडा. "नवी आवृत्ती तपासेपर्यंत थांबवू" म्हणून वैयक्तिक फोनवर कमाल मर्यादा लावणारे भेटतात. फोन रात्रीत आपणहून अपडेट होतो, आणि अ‍ॅपलने जुन्या आवृत्तीवर सही करणं, म्हणजे ती बसवायला मान्यता देणं, थांबवलं की मागे जाता येत नाही. कुणी १९ ही कमाल ठेवली असेल, तर २०२५ मध्ये १८ नंतर थेट २६ आल्यावर सगळ्यात ताजे फोनच त्याच्या यादीत आधी लाल झाले असणार.