परिकल विभाजन: खाच आणि पेशीपटलाच्या या चुका टाळा

पेशीद्रव्याची दोन पेशींत विभागणी ‘प्राणीपेशीत बाहेरून आत, वनस्पतीपेशीत आतून बाहेर’ होते, एवढं सगळ्यांचं पाठ असतं. चुका होतात त्या पुढे, नेमकं काय घडतं हे लिहिताना.

प्राणीपेशीत खाच पाडणारं संकोची कडं बटव्याच्या नाडीसारखं आवळतं, असं शिकवतात. आवळण्यापुरतं ते बरोबर आहे: प्रद्रव्यपटलाच्या आतल्या बाजूला अ‍ॅक्टिनचे तंतू असतात आणि मायोसिन-२ त्यांना एकमेकांवरून सरकवतं. पण नाडी आवळली की तिथे जाड चुण्या जमतात, तसं कडं जाड होत जात नाही. आवळताना त्यातलं अ‍ॅक्टिन सुटत जातं, म्हणून जाडी साधारण तेवढीच राहते. शिवाय कडं पेशी पूर्ण तोडत नाही. शेवटी सुमारे १ ते २ मायक्रोमीटर रुंदीचा पूल उरतो आणि तो एस्कर्ट-३ प्रथिनं नंतर कापतात. म्हणून खोल खाच दिसली की ‘दोन पेशी झाल्या’ असं लगेच लिहू नका.

सगळ्यात मोठा गोंधळ वनस्पतीपेशीतल्या पेशीपटलाचा. मध्यावर एकदम आयती भिंत उभी राहते, असं चित्र काढलं जातं. प्रत्यक्षात गॉल्गीपासून निघालेल्या पिशव्या सूक्ष्मनलिकांवरून मध्यभागी येतात आणि एकमेकींत मिसळतात. त्यांच्या आतला माल नव्या भित्तिकेसाठी लागतो, तर त्यांची आवरणं दोन्ही पेशींची समोरासमोरची प्रद्रव्यपटलं होतात. पटल कडेकडे वाढत जुन्या भित्तिकेला भिडतं. मधल्या टप्प्याचं चित्र काढत असाल, तर रेघ कडांपासून सुटलेलीच दाखवा.

जागा कधी ठरते, इथेही फसगत होते. प्राणीपेशीत खाचेची जागा तर्कू ठरवतो. पश्चावस्थेच्या सुरुवातीला तो सुईने सरकवला, तर खाच नव्या जागी पडते. वनस्पतीच्या बहुतेक कायिक पेशींत मात्र पूर्वावस्थेआधीच सूक्ष्मनलिकांचा पट्टा प्रद्रव्यपटलालगत तयार होतो. मध्यावस्थेपर्यंत तो नाहीसा होतो, पण पटल पुढे नेमकं तिथेच जाऊन भिडतं. पट्टा दिसला नाही म्हणून जागा ठरली नाही, असं समजू नका.

पटलाचं महत्त्व कांद्याच्या मुळांवर तपासता येतं. मुळं काही तास ०.१ टक्के कॅफीनच्या द्रावणात ठेवली, तर पटल सुरू होऊनही मोडतं आणि दोन केंद्रकांच्या पेशी मिळतात. अशा पेशीला घाईत अंत्यावस्था म्हटलं जातं. ओळखायचं कसं? अंत्यावस्थेत गुणसूत्रं अजून दाट, गडद रंगलेली असतात. कॅफीनच्या पेशीत दोन्ही केंद्रकं गोल, फिकट, आत केंद्रिका स्पष्ट, आणि मध्ये रेघच नसते. कधी कडेला अर्धवट तुकडा मात्र दिसतो.