बुडालेले पैसे परत मिळवून देतो म्हणणारा फोन

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्यावर काही आठवड्यांनी फोन येतो: "तुमचे 2 लाख होल्डवर आहेत, 8 हजार प्रोसेसिंग फी भरा, संध्याकाळी खात्यात जमा होतील." रक्कम आणि तारीख अचूक सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, बळी पडलेल्यांच्या याद्या हेच लोक एकमेकांना विकतात. फी भरली की पुढे जीएसटी मागतील, मग आणखी काही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर वेळेत तक्रार केली तर तुमचे पैसे ज्या खात्यात गेले त्यात उरलेली रक्कम बँक गोठवते. ती बहुतेकदा न्यायालयाच्या आदेशाने थेट तुमच्या खात्यात येते आणि त्यासाठी कुणा एजंटला फी द्यावी लागत नाही. खरी स्थिती cybercrime.gov.in वर तक्रार क्रमांक टाकून किंवा पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा. फी भरून बसला असाल, तर लगेच 1930 वर नवी तक्रार द्या.