पहिल्याच पानावर सही हवी असेल तर

पुढच्या आठवड्यात आमच्या प्लांटमधून कूलिंग टॉवरचा प्रस्ताव डायरेक्टर साहेबांकडे जायचाय आणि लिहिणारा पोरगा नवा आहे. त्याला तोंडी सांगून झालंय, पण तोंडी सांगितलेलं चहाच्या कपाबरोबर जातं, म्हणून लिहून ठेवतोय. 2024 मध्ये एअर कॉम्प्रेसरच्या प्रस्तावात मी स्वतः माती खाल्ली होती. हिशेब बरोबर होता, मागणी रास्त होती. साहेबांनी गाडीत बसल्याबसल्या पहिलं पान वाचलं, "चांगलं केलंय, बघू" म्हणाले आणि कागद बॅगेत गेला. लिहायची राहिली होती एकच गोष्ट: निर्णय कधीपर्यंत हवा ती तारीख. कोटेशनची मुदत संपली, दिवाळीचा बंद हातचा गेला आणि जानेवारीत जुन्या मशीनचं एअरएंड जाम झालं. मग भाड्याचा डिझेल कॉम्प्रेसर गेटजवळ दिवसरात्र धडधडत राहिला आणि येणारा-जाणारा मलाच विचारायचा, "नवीन कधी येतंय?"

आता यादी. त्याच कॉम्प्रेसरच्या कागदावर सांगतो, कारण तो कागद मला पाठ आहे.

फाइल उघडायच्या आधी सही कोणाची लागणार ते विचारून घ्या. प्रत्येक कंपनीत खर्चाच्या मंजुरीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आमच्याकडे पंचवीस लाखांपर्यंत साहेब एकटे सही करू शकतात, त्यापुढे बोर्डात जातं. मशीन 21 लाखांचं. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 24 लाख 78 हजार. म्हणजे कसंबसं बसतं, पण पाया, पाइपिंग आणि वाहतूक वेगळी दाखवलीत की बसत नाही. मी 21 लाख लिहिलं आणि पुढे "करांसहित की करांशिवाय" हे लिहिलंच नाही. जीएसटीचं क्रेडिट परत मिळतं हे अकाउंट्सला माहीत असतं, पण खात्यातून जाणारी रक्कम किती हे साहेबांना आधी हवं असतं. दोन्ही आकडे एका वाक्यात द्या, पुढच्या पानावर ढकलू नका.

पहिलं वाक्य मागणीचं. "आपल्या प्लांटमध्ये संकुचित हवेचा वापर दिवसेंदिवस वाढत असून" इथून सुरुवात केलीत तर साहेबांची नजर सरळ शेवटच्या ओळीवर जाईल आणि तिथे माझ्यासारखंच "तरी योग्य तो निर्णय व्हावा" असेल. योग्य तो म्हणजे कुठला? त्या कागदाचं पहिलं वाक्य असं असायला हवं होतं: "जुन्या 75 किलोवॅट स्क्रू कॉम्प्रेसरऐवजी त्याच क्षमतेचा व्हीएफडी कॉम्प्रेसर घेण्यासाठी 21 लाख रुपये अधिक जीएसटी इतक्या खर्चाला 12 ऑगस्टपर्यंत मंजुरी हवी आहे." काय घ्यायचं, कशाच्या जागी, किती पैसे, कधीपर्यंत. पार्श्वभूमी खाली येऊ द्या. साहेब त्याच प्लांटमध्ये येतात, कॉम्प्रेसर म्हणजे काय हे त्यांना सांगायला नको.

आता ती तारीख. 12 ऑगस्ट कुठून आली? उलटं मोजून. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं आणि प्लांट चार दिवस बंद राहणार होता. मशीन बदलायला हवेची लाइन पूर्ण रिकामी लागते, ती वर्षात तेव्हाच मिळते. त्याआधी आठवडाभर मशीन जागेवर हवं, म्हणजे 25 ऑक्टोबर. पुरवठादार ऑर्डरपासून दहा आठवडे घेतो, म्हणजे पीओ 16 ऑगस्टला सुटायला हवा. 15 तारखेला सुट्टी, कोटेशनची मुदत 14 ला संपणार, पर्चेसला दोन दिवस लागतात. म्हणून 12. हे मोजायला मला पाच मिनिटंही लागली नसती. मोजलंही होतं, डायरीत लिहिलं होतं. कागदावर नव्हतं.

आणि नुसती तारीख टाकून भागत नाही. त्या दिवशी सही झाली नाही तर काय होतं, तेही तिथेच लिहा. "12 ऑगस्टनंतर निर्णय झाल्यास दिवाळीत मशीन बसणार नाही, पुढचा मोठा बंद मिळेपर्यंत जुनं मशीन चालवावं लागेल आणि त्याचं पाच लाखांचं ओव्हरहॉल टळणार नाही." "लवकरात लवकर" लिहू नका. प्रत्येक कागदावर लवकरात लवकरच असतं, त्यामुळे ते कोणी वाचत नाही.

मग पैशाचा परिच्छेद, जास्तीत जास्त पाच ओळींचा. जुनं मशीन एकाच वेगाने फिरतं. हवेची मागणी कमी झाली की ते थांबत नाही, अनलोडमध्ये जातं, म्हणजे हवा न देता नुसतं फिरतं आणि तरीही आमच्याकडे तासाला साधारण 25 युनिट खातं. आठवडाभराच्या नोंदीत ते 40 टक्के वेळ अनलोडमध्ये दिसलं. वर्षाला 7,200 तास धरले तर 2,880 तास आणि 72,000 युनिट नुसतं फिरण्यात. व्हीएफडी मागणीप्रमाणे वेग कमी करतो, पण तोही हवा देताना वीज खातोच, म्हणून सगळी वीज वाचली असं लिहू नका. आम्ही 55,000 युनिट धरली. 9 रुपयांनी वर्षाला जवळजवळ पाच लाख होतात. टळणारं ओव्हरहॉल वजा केलं तर पैसे सव्वातीन वर्षांत सुटतात, वजा केलं नाही तर सव्वाचार वर्षांत. दोन्ही लिहा. मी फक्त सव्वातीन लिहिलं होतं आणि अकाउंट्सने पहिल्याच फोनला विचारलं, "ओव्हरहॉल धरलंय का यात?" त्या एका प्रश्नाने बाकीच्या आकड्यांवरचाही त्यांचा विश्वास ढिला झाला.

यातलं तासांचं, किलोवॅटचं सगळं गणित पहिल्या पानावर नको. तिथे उत्तर, आणि उत्तर ज्यावर उभं आहे ते एकच गृहीतक. आमचं गृहीतक होतं की मशीन बराच वेळ कमी भारावर चालतं. उद्या दुसरी लाइन सुरू झाली आणि मशीन कायम 90 टक्क्यांवर गेलं तर व्हीएफडीची बचत जवळपास संपते, कारण ड्राइव्ह स्वतःही थोडी वीज खातो. हे साहेबांना सांगायलाच हवं. दुसरी लाइन येणार की नाही हे मेंटेनन्सला माहीत नसतं, त्यांना माहीत असतं. "हा हिशेब कशाने चुकेल" ही ओळ आली की साहेब स्वतःकडची माहिती त्यात घालून निर्णय घेऊ शकतात. ती नसली की ते फाइल "चर्चा करू" म्हणून बाजूला ठेवतात. चर्चा म्हणजे किती दिवस, हे तुम्हाला माहीत आहे. तारीख!

पर्याय तीनच ठेवा आणि त्यात "काहीच करायचं नाही" हा एक हवाच, त्याच्या किमतीसकट. आमच्याकडे ओव्हरहॉल करून जुनंच चालवणं हाच तो पर्याय होता: आज पाच लाख, वीजबिल तेवढंच. दुसरा, आधी फक्त हवेची गळती काढणं. हा पर्याय कोणीतरी काढतोच आणि तो चुकीचाही नाही. उत्पादन बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवून किती वेळ लोड होतो आणि किती वेळ अनलोड, हे घड्याळ लावून बघा. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड म्हणजे मशीनच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याइतकी हवा गळतीत. ती काढायचीच. पण एकाच वेगाच्या मशीनवर गळती काढली की ते आणखी जास्त वेळ अनलोडमध्ये नुसतं फिरतं, त्यामुळे वाचायला हवी तेवढी वीज वाचत नाही. पहिल्या पानावर एवढंच: "गळती काढली आहे, 40 टक्के अनलोडचा आकडा त्यानंतरचा आहे." हे वाक्य नसेल तर तुमचा प्रस्ताव गळतीपाशीच अडकतो.

नाकारलेल्या पर्यायाला एक ओळ पुरते. तुम्ही किती अभ्यास केलात ते दाखवायची ही जागा नाही. अभ्यास परिशिष्टात.

धोका एकच लिहा, पण खरा. "अंमलबजावणीत काही आव्हाने येऊ शकतात" हा धोका नाही. "मशीन उशिरा आलं तर दिवाळीचा बंद चुकेल, म्हणून पीओमध्ये उशिराचा दंड घालणार आहोत" हा धोका. बघा, इथेही तारीखच आली. आता तरी समजलं असेल की ती तीन ठिकाणी हवी: पहिल्या वाक्यात, उशीर झाल्यास काय त्या ओळीत आणि खाली सहीच्या जागेशेजारी.

हो, सहीची जागा. पहिल्याच पानाच्या तळाशी "मंजूर / नामंजूर / ही माहिती हवी" असं छापून पुढे रिकामी ओळ सोडा. तिसरा शब्द महत्त्वाचा आहे. त्यामुळे "बघू" म्हणणाऱ्या माणसाला काय बघायचंय ते लिहावं लागतं.

मांडणीबद्दल फार बोलत नाही. एक पान म्हणजे एक पान, अक्षर बारीक करून बसवलेलं दीड पान नव्हे. तक्ता एकच, तीन पर्यायांचा. रक्कम लाखात लिहायची तर सगळीकडे लाखात. पीडीएफ करून स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा, साहेब गाडीतच वाचणार आहेत.

पाठवण्याआधी शेजारच्या खात्यातल्या कोणाला तरी द्या, क्वालिटीवाला चालेल, पण तुमच्या टीममधला नको. दोन मिनिटांनी कागद काढून घ्या आणि विचारा: काय मागतोय, किती पैसे, कधीपर्यंत. मी हे केलं असतं तर तिसऱ्या प्रश्नाला तो गप्प बसला असता.

परिशिष्टांना क्रमांक, कोटेशनची प्रत, लॉगशीट. स्पेलिंग कोणाकडून तरी बघून घ्या, मला कंटाळा आलाय. पाठवल्यावर कॅलेंडरमध्ये मुदतीच्या चार दिवस आधीची आठवण लावा आणि त्या दिवशी साहेबांच्या पीएंना फोन करा. मेल नको, फोन. आणि पोरा, कूलिंग टॉवरचा कच्चा मसुदा मी पाहिला. पहिल्या पानावर तारीख नाहीये.