तार षड्जाजवळ आवाज तुटतो तेव्हा: चेस्ट व्हॉइस आणि हेड व्हॉइस जोडायचे कसे?

चौदा वर्षांची मुलगी काळी चार पट्टीत भूप गाते आहे. मध्य सप्तकात आवाज भरीव आहे, प आणि धसुद्धा ठीक लागतात. तार षड्ज लागतो, पण जोर लावून. हनुवटी थोडी वर जाते. तार रिषभावर मात्र आवाज खट्‌कन तुटतो आणि पुढचा गंधार येतो तो जणू दुसऱ्याच गळ्यातून, पातळ आणि हवेशीर. घरचे म्हणतात, ‘अजून रियाज हवा.’ ती आणखी जोर लावते आणि आवाज आणखी तुटतो.

इथे कमी पडतो तो जोर नाही. स्वरतंतूंच्या आतच एक स्नायू असतो; तो आवळला की तंतू आखूड आणि जाड होतात, प्रत्येक कंपनात एकमेकांना बराच वेळ टेकलेले राहतात आणि भरदार आवाज येतो. हा चेस्ट व्हॉइस. आवाज तयार होतो गळ्यातच, पण त्याची थरथर छातीवर हात ठेवला तर जाणवते. दुसरा स्नायू स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला असतो. तो तंतूंना ताणून लांब आणि पातळ करतो, मग मुख्यतः त्यांच्या कडाच थरथरतात आणि हलका हेड व्हॉइस मिळतो. काळी चारचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ४१५ कंपने. त्याच्याही वर जाड तंतू घेऊन जाणे म्हणजे रस्सीखेच: दोन्ही स्नायू जोर लावतात आणि एका क्षणी आतला स्नायू दोर सोडून देतो. ऐकणाऱ्याला ऐकू येते ती तुटलेली जागा. म्हणून करायचे आहे ते हे, की आतल्या स्नायूने दोर एकदम न सोडता चार-पाच स्वर आधीपासून हळूहळू ढिला करायला शिकायचे.

आधी जागा शोधा

तानपुऱ्याचे अ‍ॅप लावा आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. मध्य षड्जापासून ‘आ’वर संथ मींड घेत तार गंधारापर्यंत जा, नेहमीच्या आवाजात. तुटू द्या, लपवू नका. मग उलटे करा: तार गंधार ‘ऊ’वर अगदी हळू लावा आणि तसाच खाली घसरत या. तार गंधार हलका लागतच नसेल तर कोकिळेची नक्कल करून पाहा; त्या ‘कुऊ’मधला वरचा आवाज बहुधा हेड व्हॉइसच असतो.

रेकॉर्डिंग ऐकताना एक गोष्ट लक्षात येईल. चढताना आणि उतरताना आवाज एकाच जागी तुटत नाही. आपल्या मुलीचा चढताना तार रिषभावर तुटतो, पण उतरताना हेड व्हॉइस पंचमापर्यंत टिकतो आणि त्याच्या खाली, गंधारावर, आवाज एकदम जाड होतो. म्हणजे पंचमापासून तार रिषभाच्या अलीकडेपर्यंतचे स्वर तिला दोन्ही तऱ्हांनी गाता येतात. पुढचे सगळे काम याच पट्ट्यात करायचे आहे. तुमचा पट्टा स्वर-दोन स्वर इकडेतिकडे असेल, तो कागदावर लिहून ठेवा. मोठ्याने गायलात तर तुटण्याची जागा वर सरकते आणि धक्का मोठा बसतो. हळू गायलात तर ती लवकर येते, पण धक्का छोटा असतो. सुरुवातीला हळूच गायचे, ते याचसाठी.

हेड व्हॉइस खाली आणा

आपल्याकडे खुल्या आवाजाचा आग्रह असतो आणि पातळ आवाज काढला की ‘खोटा आवाज लावू नकोस’ असे ऐकावे लागते. मैफलीत तो लावायचा की नाही हा गायकीचा प्रश्न आहे. पण रियाजातून तो पूर्ण हद्दपार केला तर ताणणाऱ्या स्नायूला काम करण्याची सवयच लागत नाही. पहाटे फक्त खर्ज भरून हा प्रश्न सुटत नाही. खर्जाने जाड बाजू बळकट होते आणि या मुलीची ती आधीच बळकट आहे.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त वरून खाली. ग॑ रे॑ सां ध प ही उतरण ‘ऊ’वर घ्या, शेजारच्या खोलीत कुणी झोपले आहे इतक्या हळू. पंचम सुटला नाही तर मध्य गंधारापर्यंत जा. खाली आवाज क्षीण आणि हवेशीर होईल, होऊ द्या. मध्येच जाड आवाज उसळला तर तो स्वर सोडा आणि एक स्वर वरून पुन्हा सुरुवात करा. हवा फारच सुटत असेल तर ‘ऊ’ऐवजी ‘नू’ म्हणा. ‘न’मुळे तंतू न दाबता थोडे जवळ येतात. वयात येणाऱ्या मुलींमध्ये तंतूंच्या मागच्या बाजूला बारीक फट राहते, त्यामुळे या वयात थोडी हवा ऐकू येणारच. ती बंद करण्यासाठी गळा आवळू नका.

स्ट्रॉ आणि पाणी

ग्लासात पाणी घ्या, साधी शीतपेयाची स्ट्रॉ दोन सेंटिमीटर बुडवा आणि तोंडाने पक्की धरून तिच्यातून ‘ऊ’ गा. नाकातून हवा जाता कामा नये. पंचमापासून तार रिषभापर्यंत संथ मींड, वर आणि खाली. स्ट्रॉमुळे हवेचा थोडा दाब तोंडात अडतो आणि तो तंतूंना हलकेच दूर धरतो, त्यामुळे ते जोरात आदळत नाहीत आणि जोर लावण्याची सवय सुटते. शिवाय बुडबुडे चुगली करतात. आवाज सरळ सांधला तर ते एकसारखे येत राहतात. तुटला तर क्षणभर थांबतात किंवा भसकन उसळतात. तीन-चार मिनिटे पुरेत. स्ट्रॉ नसेल तर ओठांनी फुर्र करत तीच मींड घ्या.

एका स्वरावरचा सांधा

खरा सांधा बसतो तो इथे, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. इटालियन गायनपरंपरेत याला मेसा दि वोचे म्हणतात: एकच स्वर बारीक सुरू करायचा, फुगवायचा आणि पुन्हा बारीक करायचा.

मुलीने धैवत घ्यावा, कारण तो तिच्या पट्ट्यात आरामात बसतो. हेड व्हॉइसमध्ये ‘ऊ’वर हळू सुरुवात. चार मात्रांत स्वर वाढवत ‘ओ’कडे, मग ‘आ’कडे जायचे, पुढच्या चार मात्रांत त्याच वाटेने परत ‘ऊ’वर यायचे. स्वर वाढताना आतला स्नायू हळूहळू सामील होतो, कमी होताना हळूहळू बाजूला होतो. पहिल्या दिवसांत मध्येच ठेच लागेल. लागली की आवाज अजून वाढवू नका. ठेचेच्या जरा अलीकडे या आणि तिथेच, त्याच आवाजात, दोन-तीन मात्रा थांबा. हा अर्धवट, ना जाड ना पातळ असा आवाज सुरुवातीला विचित्र वाटतो. गायकाला तो पडेल वाटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये तोच बहुधा सर्वांत गोल ऐकू येतो. स्वतःच्या कानांवर इथे विश्वास ठेवू नका, फोनवर ठेवा.

फुगवणे जमते पण परत येताना तुटते, असे जवळजवळ सगळ्यांचे होते. परतीची वाटच कठीण आहे आणि सांधायला शिकवते तीच. धैवत दोन्ही बाजूंनी सलग आला की तार षड्ज घ्या, मग पंचम, आणि तार रिषभ सगळ्यात शेवटी. या पायरीला मुलीला महिनाभर सहज लागेल.

आता भूप

अंतऱ्यात नेहमी येणारी जागा घ्या: ग प ध सां, सां रे॑ ग॑ रे॑ सां. आधी संपूर्ण ओळ ‘ऊ’वर हेड व्हॉइसमध्ये, मग ‘ओ’वर, आणि शेवटी आकारात. हलके व्हायला सुरुवात पंचमापासूनच करायची. तार षड्जावर पोहोचल्यावर हलके होऊ पाहिले तर उशीर झालेला असतो. पंचमावर जेवढा जोर होता त्याहून धैवतावर थोडा कमी, षड्जावर आणखी कमी. वर जाताना ‘आ’ पसरट ठेवला की आवाज ओरडण्याकडे झुकतो. जबडा सैल सोडून तो ‘ऑ’च्या जरा जवळ न्या, आतून उभट. ऐकणाऱ्याला तो आकारच वाटतो.

संथ लयीत हे जमल्यावर ध ते ग॑ अशी थेट मींड घ्या. ती सगळ्यांत उघडे पाडणारी असते, कारण ती मधल्या प्रत्येक बिंदूवरून जाते. द्रुत तानेत सांधा सहज लपतो, म्हणून तानेवरून प्रगती मोजू नका.

पट्टीचाही विचार करा. तुटण्याची जागा ठरावीक उंचीवर असते, रिषभ-गंधाराशी तिचे काही देणेघेणे नसते. हीच मुलगी काळी तीनमध्ये गायली तर तीच उंची तार गंधारावर येते आणि तार रिषभ मोकळा होतो. स्पर्धा पंधरा दिवसांवर असेल तर पट्टी उतरवणे हाच शहाणपणा. गुरुजी एका ठरावीक पट्टीचा आग्रह धरत असतील तर त्यांना रेकॉर्डिंग ऐकवून विचारा.

कुठे थांबायचे

एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त हे काम नको. त्यानंतर बोलण्याचा आवाज घोगरा झाला, सारखे खाकरावेसे वाटले किंवा गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, तर जोर लागतो आहे. हळू आवाजावर परत या. एक चाचणी रोज सकाळी करा: तार षड्जाच्या वरचे दोन-तीन स्वर अगदी बारीक आवाजात. काल सहज लागणारे स्वर आज उशिरा किंवा नुसत्या हवेने लागत असतील, पण मोठ्याने गायल्यावर ठीक वाटत असतील, तर तंतूंना सूज असू शकते. त्या दिवशी गाऊ नका. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

मुलग्यांसाठीही हाच क्रम चालतो, पण आवाज फुटण्याच्या वयात नाही. त्या काळात स्वरयंत्र झपाट्याने वाढते, आवाज साधारण सप्तकभर खाली येतो आणि तुटण्याची जागा दर महिन्याला सरकते. तेव्हा मधल्या पाच-सहा स्वरांत हळू गाणे आणि स्ट्रॉ एवढेच ठेवा. आवाज दोन-तीन महिने एका जागी स्थिरावला की नवी पट्टी ठरवा, बहुतेकदा काळी एकच्या आसपास, आणि मींड घेऊन जागा पुन्हा शोधा. त्या पट्टीत ती तार रिषभ ते मध्यमाच्या दरम्यान सापडण्याची शक्यता जास्त.