रहिवासी संकुलाचा मंजूर भार ठरवताना या चुका टाळा

संकुलाच्या वीजभाराचा तक्ता बघायला घेतला की मी आधी शेवटची बेरीज बघत नाही. डायव्हर्सिटीचा, म्हणजे सगळ्यांची मागणी एकाच वेळी येत नाही म्हणून धरलेल्या सवलतीचा, आकडा किती ठिकाणी वापरलाय ते शोधतो. बहुतेक तक्त्यांत एकच आकडा असतो, 0.4 किंवा 0.5, आणि तोच विंगच्या केबलला, ट्रान्सफॉर्मरला आणि मंजूर भाराच्या अर्जालाही लावलेला असतो. घोळ तिथून सुरू होतो.

उदाहरणासाठी तीन विंगचं संकुल घेऊ. प्रत्येक विंगमध्ये 24, म्हणजे एकूण 72 फ्लॅट. प्रत्येक फ्लॅटमध्ये दीड-दीड किलोवॅटचे दोन एसी, दोन-दोन किलोवॅटचे दोन गिझर, 2 किलोवॅटची इंडक्शन शेगडी, 1.2 किलोवॅटचा मायक्रोवेव्ह, इस्त्री आणि वॉशिंग मशीनचे मिळून 1 किलोवॅट, आणि फ्रिज, दिवे, पंखे वगैरेंचे 0.8. जोडलेला भार झाला 12 किलोवॅट. पण हे सगळं कुणी एकदम चालवत नाही. सकाळच्या घाईत दोन्ही गिझर आणि शेगडी चालू असली की एका फ्लॅटची कमाल मागणी साधारण 6 किलोवॅट होते. 12 वरून 6 वर येणं म्हणजे डिमांड फॅक्टर, आणि तो घराच्या आतला मामला आहे. 72 घरांची ही 6-6 किलोवॅटची शिखरं एकाच क्षणी येत नाहीत, ती डायव्हर्सिटी. हातातल्या कोष्टकातला आकडा जोडलेल्या भाराला लावायचा आहे की एकेका घराच्या कमाल मागणीला, हे आधी बघा. नाहीतर एकच सवलत दोनदा घेतली जाते. शिवाय डायव्हर्सिटी फॅक्टर 1 पेक्षा मोठा असतो आणि त्याने भागायचं असतं. गुणायचा असतो तो त्याचा व्यस्तांक, म्हणजे एककालिकता.

एकच आकडा सगळ्या पातळ्यांवर लावणं

घरं जितकी जास्त, तितकी त्यांची शिखरं एकमेकांत विरून जातात. घरं कमी असली की हा फायदा आटतो. एकसारख्या आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घरांसाठी एक सोपं सूत्र वापरतात:

```
c(n) = c∞ + (1 − c∞) / √n
```

इथे n म्हणजे घरांची संख्या, आणि c∞ म्हणजे घरं अगणित असती तर एककालिकता जिथे स्थिरावली असती ती किंमत. ती तशाच वस्तीतल्या मोजमापांवरून घ्यायची, इथे 0.3 धरू.

72 घरांना 0.38 येतं, म्हणजे मुख्य पुरवठ्यावर घरांचे सकाळचे सुमारे 165 किलोवॅट. एका विंगच्या 24 घरांना 0.44, म्हणजे विंगमध्ये वर जाणाऱ्या मुख्य केबलवर, रायझरवर, 64 किलोवॅट. तिथेही 0.38 लावलं असतं तर 55 च आले असते. आता आणखी एक पायरी खाली उतरा. फ्लॅट सिंगल फेजचे असतील तर विंगच्या प्रत्येक फेजवर फक्त 8 घरं आहेत, आणि 8 घरांची एककालिकता 0.55 होते. 8 गुणिले 6 गुणिले 0.55, म्हणजे एका फेजवर 26 किलोवॅट. रायझरचे 64 तीन फेजमध्ये सारखे वाटले तर 21 दिसतात. 230 व्होल्ट आणि 0.95 पॉवर फॅक्टर धरला तर हा फरक सुमारे 97 आणि 120 अँपिअरचा आहे. 100 अँपिअरचा ब्रेकर सकाळी एकाच फेजवर का पडतो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. ब्रेकर मोठा करण्याआधी तिन्ही फेजचे प्रवाह सकाळच्या गर्दीच्या वेळी टाँगटेस्टरने मोजा आणि केबलची क्षमताही तपासा.

सगळ्या उपकरणांना एकच डायव्हर्सिटी

मला सर्वांत महागात पडणारी वाटते ती ही चूक. डायव्हर्सिटी दोन गोष्टींवर उभी असते: उपकरण थोडा वेळ चालावं, आणि ते कधी चालवायचं हे प्रत्येक घराने आपापलं ठरवावं. गिझर दोन्हींत बसतो. एसी बसत नाही. उकाड्याची रात्र सगळ्या घरांवर एकदमच येते आणि एसी तासन्‌तास चालतात. अशा वेळी घरं 72 असोत की 700, सूत्रातला √n चा फायदा जवळजवळ संपतो. म्हणून एसीचा हिशेब वेगळा करायचा.

समजा उकाड्यात रात्री अकरा वाजता 80 टक्के एसी चालू आहेत आणि चालू असलेल्यांचे कॉम्प्रेसर सरासरी 80 टक्के भार घेताहेत. 3 किलोवॅटचे 64 टक्के म्हणजे 1.9. बाकीच्या उपकरणांचे 0.5 मिळवले की प्रति घर 2.4, आणि 72 घरांचे 173 किलोवॅट. म्हणजे गिझरच्या सकाळपेक्षा एसीची रात्र आधीच जड झाली.

त्यात गाड्यांचं चार्जिंग आलं. 3.3 किलोवॅटचे 20 चार्जर असतील आणि स्वस्त दराची वेळ सुरू होताच सगळे टायमर एकदम चालू होत असतील, तर डायव्हर्सिटी शून्य, पूर्ण 66 किलोवॅट. लिफ्ट, पंप, सांडपाणी प्रक्रिया आणि सामायिक दिवे मिळून सकाळी 47 आणि रात्री 36 किलोवॅट धरू.

सकाळ: 165 + 47 = 212 किलोवॅट. रात्र: 173 + 36 + 66 = 275 किलोवॅट. 0.95 पॉवर फॅक्टरने भागलं की 223 आणि 290 केव्हीए. ज्याने फक्त सकाळ बघून 250 केव्हीए मागितले, त्याचा पुरवठा उकाड्यात रोज रात्री सुमारे 16 टक्के अतिभारित होणार, आणि तेही तासन्‌तास. ट्रान्सफॉर्मरला तोच काळ सर्वांत त्रासाचा, कारण भोवतालची हवाही तापलेली असते. उपाय दर वेळी जास्त भार मागणं हाच नसतो. चार्जरच्या गटाला 30 किलोवॅटची एकत्रित मर्यादा घातली तर रात्र 239 किलोवॅटवर, म्हणजे सुमारे 252 केव्हीएवर येते आणि गाड्या सकाळपर्यंत भरून होतात.

लिफ्टच्या सुरुवातीच्या प्रवाहाची इथे चिंता नको. मीटर मागणी 15 किंवा 30 मिनिटांच्या सरासरीने मोजतो, त्यात काही सेकंदांचा झटका विरून जातो. तो व्होल्टेज घसरण्याच्या आणि संरक्षणाच्या हिशेबात येतो. अग्निशमन पंपही रोजच्या कमाल मागणीत मिळवू नका. पंप चालतो तेव्हा पुरवठा तग धरेल का, हे वेगळं तपासा.

अर्धवट भरलेल्या संकुलाचं रीडिंग त्रैराशिकाने वाढवणं

72 पैकी 30 घरांत माणसं राहायला आली, चार्जर अजून बसलेले नाहीत आणि मीटरवर कमाल मागणी 112 किलोवॅट दिसते. 112 ला 72/30 ने गुणून 269, अधिक चार्जरचे 66, असे 335 काढणारे भेटतात. पण सामायिक 36 किलोवॅट आजही जवळजवळ पूर्ण चालू आहेत. ते आधी वजा करा. उरलेले 76, म्हणजे प्रति घर 2.5. 72 घरांचे 182, त्यात 36 आणि 66 मिळवून 284 किलोवॅट. हा आकडा आपल्या 275 च्या अंदाजाला धरून आहे.

एवढं मात्र नक्की बघा, की ते 112 कोणत्या तारखेला आणि किती वाजता नोंदले गेले. उकाड्यातली रात्र असेल तर घरांच्या संख्येने सरळ गुणणं चालतं. थंडीतली सकाळ असेल तर ते शिखर गिझरचं आहे. 30 घरांची एककालिकता 0.43 आणि 72 ची 0.38, त्यामुळे सरळ गुणाकार सुमारे 12 टक्के जास्त दाखवेल, आणि एसीच्या रात्रीबद्दल त्या रीडिंगमधून काहीच कळणार नाही. त्यासाठी उकाड्यातलं रीडिंगच घ्यावं लागतं.